वरचे दहा सेंटिमीटर



गेल्या अंकानंतर आलेल्या निरोपांमध्ये एक प्रश्न तीन-चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता. "पन्नास ठिकाणी रेझ्युमे पाठवला, एकाही ठिकाणाहून फोन नाही. मार्क चांगले आहेत, अनुभव आहे, मग अडतंय कुठे?" रेझ्युमे पाहिल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही, म्हणून त्यांच्यापैकी एका मुलीला मी तिचा रेझ्युमे पाठवायला सांगितलं. आज तोच समोर ठेवून बोलू या. तिची परवानगी घेतली आहे, नाव आणि कंपन्यांची नावं गाळली आहेत.

आधी पलीकडच्या बाजूला काय चालतं ते सांगते. आमच्या टीममध्ये जागा निघाली की चाळणीच्या कामाला मी एचआरच्या सहकाऱ्यांबरोबर बसते, त्यामुळे हे रोजच्या पाहण्यातलं आहे. रिक्रूटरच्या हातात एका जागेसाठी शंभर-दीडशे रेझ्युमे असतात आणि अशा पाच-सहा जागा एकाच वेळी भरायच्या असतात. टीमच्या मॅनेजरनं तिला चार अटी सांगितलेल्या असतात: अमुक काम येणारा माणूस, इतक्या वर्षांचा अनुभव, या शहरात, इतक्या दिवसांत रुजू होणारा. ती रेझ्युमे उघडते ते या चार अटी शोधायला. तुम्ही माणूस म्हणून कसे आहात, किती हुशार आहात, हे त्या क्षणी ती बघतच नाही. भाजीवाला गवार निवडताना जसा हात फिरवतो, तसा तिचा डोळा फिरतो. जुळलं तर एका ढिगात, शंका असेल तर दुसऱ्या, नाही तर तिसऱ्या.

हा डोळा किती वेळ फिरतो, याचं मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेतल्या 'लॅडर्स' या नोकरीविषयक संकेतस्थळानं २०१२ साली ३० रिक्रूटरांच्या डोळ्यांच्या हालचाली यंत्रानं टिपल्या. पहिल्या नजरेचा सरासरी वेळ निघाला सुमारे सहा सेकंद. २०१८ साली त्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा तो ७.४ सेकंद होता. या वेळातला बहुतेक भाग मोजक्या गोष्टींवर गेला होता: नाव, आताचं पद आणि कंपनी, आधीचं पद आणि कंपनी, त्यांच्या तारखा आणि शिक्षण. पाहणी लहान होती, देशही दुसरा. त्यामुळे आकडा दगडावरची रेघ समजू नका. पण 'काय बघितलं जातं' ही यादी मात्र आमच्याकडच्या अनुभवाशी जुळते. आपल्याकडे तिच्यात दोन गोष्टींची भर पडते, त्या म्हणजे शहर आणि नोटीस पिरियड.

आता वरच्या एक तृतीयांशाचं म्हणाल, तर कारण अगदी साधं आहे. ए-फोर कागद २९७ मिलिमीटर उंच असतो, म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा जवळजवळ दहा सेंटिमीटर. वरचा समास सोडला की आठ उरतात आणि अकरा पॉइंटच्या अक्षरात त्यात साधारण पंधरा ओळी बसतात. लॅपटॉपवर पीडीएफ उघडली की पडद्यावर पानाचा वरचाच भाग येतो, खालचा बघायला सरकवावं लागतं. सरकवायचं की बंद करायचं, हे त्या पंधरा ओळी ठरवतात.

तिच्या पंधरा ओळींत काय होतं?

पहिल्या ओळीत, मधोमध, मोठ्या अक्षरात 'करिक्युलम व्हिटे'. त्याखाली नाव, मार्कशीटवर असतं तसं: आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. उजव्या कोपऱ्यात पासपोर्ट साइज फोटो. त्याखाली सोसायटीचं नाव, ब्लॉक नंबर, 'अमुक शाळेच्या मागे', रस्ता, पिन कोड, असा चार ओळींचा पत्ता. मग जन्मतारीख, मग 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' या मथळ्याखाली तीन ओळींचं एक वाक्य. आव्हानात्मक वातावरणात आपली कौशल्यं वापरून संस्थेच्या आणि स्वतःच्या प्रगतीला हातभार लावण्याची इच्छा त्यात होती. त्यानंतर शिक्षणाचा तक्ता, दहावीपासून. अनुभव सुरू होत होता दुसऱ्या पानावर.

गंमत बघा. या मुलीला जावा आणि स्प्रिंग बूटमध्ये सप्टेंबर २०२५ अखेर तीन वर्षं दोन महिने झाले होते. पुण्यातल्या कंपन्या नेमकी हीच माणसं शोधत होत्या. पण पहिल्या सात सेकंदांत तिच्याविषयी कळत होतं ते एवढंच, की ती बडोद्याला एका शाळेच्या मागे राहते आणि दहावीला तिला चांगले मार्क होते. रिक्रूटरला वाटलं असणार, ही नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली मुलगी. अनुभवी माणसाच्या जागेसाठी तिसरा ढीग.

आता एकेक ओळ घेऊ.

नाव आणि त्याखालची ओळ

'रेझ्युमे' किंवा 'सीव्ही' हा मथळा काढून टाका. लग्नपत्रिकेवर 'ही लग्नपत्रिका आहे' असं आपण छापत नाही. पहिली ओळ नावाची, सोळा-अठरा पॉइंटमध्ये, डावीकडे. आणि इथे आपल्या लोकांची एक खास अडचण आहे. महाराष्ट्र आणि गुजरातकडच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं छापतात, आणि सवयीनं आपण रेझ्युमेतही तसंच लिहितो. रेझ्युमे वाचणारं सॉफ्टवेअर पहिल्या शब्दाला नाव समजतं. मग रिक्रूटरचा फोन किंवा ईमेल येतो तो आडनावाला, नाही तर वडिलांच्या नावाला. स्वतःचं नाव आधी, आडनाव नंतर, एवढं पुरे. पूर्ण कायदेशीर नाव ऑफर लेटरच्या वेळी कागदपत्रांत येतंच.

नावाच्या लगेच खालची ओळ सगळ्यांत मोलाची, आणि बहुतेक रेझ्युमेंत ती नसतेच. तुम्ही काय करता, कशात करता आणि किती वर्षं, हे तिथे एका दमात यायला हवं. या मुलीसाठी आम्ही लिहिलं: 'बॅकएंड डेव्हलपर, जावा आणि स्प्रिंग बूट, ३ वर्षे २ महिने'. रेझ्युमे अर्थात इंग्रजीतच आहे, मी इथे आपल्या सोयीनं लिहिते आहे. रिक्रूटरच्या चारपैकी दोन अटींचं उत्तर या एका ओळीत मिळालं.

इथे एक बारीक गोष्ट सांभाळा. तिच्या कंपनीत तिचं अधिकृत पद 'असोसिएट कन्सल्टंट' होतं. या नावावरून ती कोड लिहिते की ग्राहकांना सल्ला देते, हे बाहेरच्या कोणालाच कळत नाही. म्हणून वरच्या ओळीत कामाचं सर्वमान्य नाव लिहायचं, पण खाली अनुभवाच्या रकान्यात अधिकृत पदच, जसंच्या तसं. नोकरी बदलताना पार्श्वभूमीची पडताळणी होते, तेव्हा आधीच्या कंपनीच्या पत्रावरचं पद आणि तुमच्या रेझ्युमेवरचं पद ताडून बघतात. तिथे फरक सापडला, तर हातात आलेली ऑफरही अडकते.

संपर्काची एक ओळ

चार ओळींचा पत्ता एका शब्दावर आला: शहर. ते आम्ही इंग्रजीत 'वडोदरा' असंच लिहिलं, 'बडोदा' नाही. घरी आपण काहीही म्हणू, रिक्रूटर शहराची चाळणी लावते ती अधिकृत नावानं. त्यापुढे 'पुण्याला येण्यास तयार'. हे चार शब्द बाहेरगावच्या उमेदवारासाठी फार महत्त्वाचे आहेत. बडोदा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद असं शहर दिसलं की रिक्रूटर मनात धरते, हा येईल की नाही कोण जाणे. ती विचारायला फोन करत नाही, पुढचा रेझ्युमे उघडते. तुम्ही खरोखर जाणार असाल तर तसं स्पष्ट लिहा. घरी अजून ठरलं नसेल, तर मात्र आधी घरी ठरवा आणि मग लिहा.

मग फोन नंबर, ईमेल आणि लिंक्डइनचा पत्ता. गिटहबचा पत्ता तिथे काही दाखवण्यासारखं असेल तरच. दोन वर्षांपूर्वीचा एकच अर्धवट प्रकल्प असेल, तर तो दुवा नसलेला बरा.

नोटीस पिरियडचं काय करायचं, हे ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर आहे. तो ३० दिवस किंवा त्याहून कमी असेल, किंवा तुम्ही राजीनामा देऊन शेवटची तारीख ठरली असेल, तर ती तारीख वर लिहा. घाईत असलेल्या टीमला तेवढंच हवं असतं. ९० दिवस असेल तर वर जाहिरात करायची गरज नाही. जॉब पोर्टलच्या अर्जात तो रकाना असतोच, आणि विचारलं की खरं सांगायचं. या मुलीचा ६० दिवसांचा होता. तिला ज्या जागा हव्या होत्या तिथे तो चालत होता, म्हणून आम्ही तो ओळीच्या शेवटी ठेवला.

फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट नंबर हे सगळं गेलं. नोकरी ठरवायला यातलं काहीही लागत नाही. शिवाय रेझ्युमे किती जणांच्या हातांतून फिरतो हे आपल्या ताब्यात नसतं. अनोळखी माणसाकडे आपली जन्मतारीख आणि घरचा पत्ता एकत्र कशाला द्यायचा?

ऑब्जेक्टिव्हच्या जागी दोन ओळी

'करिअर ऑब्जेक्टिव्ह' मध्ये तुम्हाला काय हवं ते असतं. वाचणाऱ्याला त्याच्या उपयोगाचं हवं असतं. आणि ते आव्हानात्मक वातावरणाचं वाक्य इतक्या जणांचं इतकं सारखं असतं, की डोळा ते न वाचताच ओलांडतो. म्हणजे सगळ्यांत महागड्या जागेच्या तीन ओळी फुकट.

त्या जागी आम्ही दोन ओळी लिहिल्या. पहिलीत: बिलिंग आणि पेमेंट प्रणालींचं बॅकएंड काम, दोन कंपन्या. दुसरीत: एपीआय लिहिणं, डेटाबेसचा वेग सुधारणं, प्रत्यक्ष चालू प्रणालीतल्या अडचणी सोडवणं. 'मेहनती', 'लवकर शिकणारी', 'टीम प्लेअर' असे शब्द एकही नाही. असे शब्द कोणीही लिहू शकतं, म्हणून ते कोणालाच पटत नाहीत.

त्याखाली कौशल्यांच्या दोन ओळी. तिच्या मूळ यादीत बावीस नावं होती, अगदी एमएस वर्ड आणि कॉलेजात एका सेमिस्टरला शिकलेल्या सी भाषेसकट. आम्ही आठ ठेवली. जाहिरातीत जी मागितली होती आणि तिला खरोखर येत होती, ती सर्वांत आधी. नियम सोपा आहे: ज्या शब्दावर मुलाखतीत दहा मिनिटं बोलता येणार नाही, तो शब्द वरच्या भागात नको. रिक्रूटरची चाळणी तुम्ही उसन्या शब्दांवर पार कराल, पण पुढच्या खोलीत माझ्यासारखी कोणीतरी बसलेली असते आणि आम्ही पहिला प्रश्न यादीतल्या पहिल्या शब्दावरच विचारतो. जावाला पाचपैकी चार तारे, असे तारे आणि पट्ट्याही काढा. सॉफ्टवेअरला ते वाचता येत नाहीत आणि माणसाला चार तारे म्हणजे काय ते कळत नाही.

आताची नोकरी वर आलीच पाहिजे

आतापर्यंत आठ-नऊ ओळी झाल्या. उरलेल्या सहांत आताची नोकरी. डावीकडे पद आणि कंपनी, उजव्या टोकाला तारखा: एप्रिल २०२४ ते आजपर्यंत. तारखा नेहमी एकाच जागी, एकाच पद्धतीनं, महिन्यासह. नुसतं '२०२२–२०२४' लिहिलं तर ते तेरा महिने आहेत की पस्तीस हे कळत नाही, आणि अंदाज उमेदवाराच्या बाजूनं क्वचितच होतो. तिच्या पहिल्या नोकरीच्या तारखा ऑगस्ट २०२२ ते मार्च २०२४, म्हणजे वीस महिने. दुसरीचे सप्टेंबर २०२५ अखेर अठरा. बेरीज अडतीस, म्हणजे वर लिहिलेली तीन वर्षं दोन महिने. ही बेरीज जुळली पाहिजे. अनुभवी रिक्रूटर ती चटकन करून बघते आणि चार महिन्यांचा फरक निघाला की बाकीच्यावरही संशय येतो.

आपल्या गावातल्या कंपन्यांबद्दल एक सूचना. तिची पहिली कंपनी बडोद्यातली, ६० जणांची. पुण्याच्या रिक्रूटरनं ते नाव कधी ऐकलेलं नसणार. मग डोळा नावावर अडकतो आणि काहीच कळत नाही. म्हणून कंपनीच्या नावापुढे चार-पाच शब्दांत ओळख द्या: 'किरकोळ दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर बनवणारी, ६० कर्मचारी'. आता तेच अनोळखी नाव कामाची माहिती झालं.

आणि शेवटी कामाचे दोन मुद्दे. तिनं लिहिलं होतं: 'बिलिंग मॉड्यूलच्या विकासाची आणि देखभालीची जबाबदारी'. मी विचारलं, "म्हणजे नक्की काय केलंस गं?" तेव्हा कळलं की रात्री चालणारं बिलांचं काम चार तास घ्यायचं, आणि तिनं ते ५० मिनिटांवर आणलं होतं. कसं, तर डेटाबेसमध्ये एकेक नोंद टाकण्याऐवजी हजार-हजारांच्या गठ्ठ्यानं टाकायला सुरुवात केली आणि एका मोठ्या टेबलवर नसलेला इंडेक्स तयार केला. "ताई, हे काय लिहायचं, हे तर कामच होतं!" ती म्हणाली. हेच तर लिहायचं. तो मुद्दा असा झाला: 'रात्रीच्या बिलिंगचा वेळ ४ तासांवरून ५० मिनिटांवर आणला, गठ्ठ्यानं नोंदी आणि नवा इंडेक्स वापरून'. रिक्रूटरला इंडेक्स कळो न कळो, शब्दांच्या ओळीत आकडा दिसला की डोळा थांबतो, आणि पुढे तांत्रिक मुलाखत घेणाऱ्याला विचारायला नेमकी जागा मिळते. आकडा मात्र खरा हवा, आणि तो कसा मोजला हे सांगता यायला हवं.

शिक्षण या सगळ्याच्या खाली गेलं: बीई, विद्यापीठ, वर्ष, एका ओळीत. दहावी-बारावी गेली. जाहिरातीत त्या टक्केवारीची अट असेल, तरच ती लिहा.

नुकतेच पास झालेल्यांसाठी

तुमच्याकडे अनुभवाचा रकाना नाही, म्हणून क्रम बदलतो. नावाखालच्या ओळीत पदवी, शाखा, पास होण्याचं वर्ष आणि हवं ते काम. त्यानंतर शिक्षण, सीजीपीए चांगला असेल तर आकड्यासकट, कारण कॅम्पसबाहेरच्या भरतीत पास होण्याचं वर्ष आणि गुण हीच पहिली चाळणी असते. त्याखाली इंटर्नशिप. ती नसेल तर एक प्रकल्प, पण त्यात तुम्ही स्वतः केलेला भाग वेगळा लिहा. चौघांनी मिळून केलेल्या प्रकल्पाचं चौघांच्या रेझ्युमेत एकच वाक्य असतं, आणि चौघांनी एकाच कंपनीत अर्ज केला की ते उघडं पडतं.

पाठवण्याआधी दोन चाचण्या

पहिली यंत्राची. पीडीएफ उघडा, `Ctrl+A` आणि `Ctrl+C` करा आणि नोटपॅडमध्ये `Ctrl+V`. जे दिसेल, साधारण तेच कंपनीच्या सॉफ्टवेअरला दिसतं. दोन रकान्यांचे आकर्षक टेम्पलेट असतात, त्यांत बऱ्याचदा डावीकडची कौशल्यं आणि उजवीकडच्या तारखा एकमेकांत मिसळलेल्या सापडतात. काहीच आलं नाही, तर तुमचा रेझ्युमे म्हणजे एक चित्र आहे. वर्डमध्ये बनवला असेल तर फोन आणि ईमेल पानाच्या हेडरमध्ये ठेवू नका, मुख्य मजकुरात ठेवा. काही सॉफ्टवेअर हेडर वाचतच नाहीत, मग उमेदवार पसंत पडतो पण फोन नंबर सापडत नाही.

दुसरी घरची. आयटीत नसलेल्या कोणाला तरी, आईला, काकांना, आत्याला, फोनवर पान सात सेकंद दाखवा आणि काढून घ्या. मग चार प्रश्न विचारा: काय काम करते? किती वर्षं? सध्या कुठे आहे? कुठल्या गावची? तीन उत्तरं बरोबर आली तर वरचा भाग जमला. 'फोटो छान आलाय' असं उत्तर आलं, तर पुन्हा बसा.

एवढं करून काय साधतं, तेही सांगून टाकते. या पंधरा ओळी तुम्हाला नोकरी देत नाहीत. रिक्रूटरला पान खाली सरकवायला लावणं आणि फोन उचलायला लावणं, इथे त्यांचं काम संपतं. जागा तुमच्या कामाचीच नसेल, अनुभव दोन वर्षांनी कमी पडत असेल, तर कितीही मांडणी करा, फोन येणार नाही आणि येऊही नये. म्हणून फोन येत नसेल तर आधी बघा, पाठवलेल्या जागा आपल्या होत्या का. त्या आपल्या असूनही शांतता असेल, तर दोष बहुधा वरच्या दहा सेंटिमीटरमध्ये आहे. फोन येतात पण पहिल्या मुलाखतीनंतर गाडी अडते, असं असेल तर वरचा भाग आपलं काम करतो आहे, आता खालचा भाग आणि तयारी बघायची.

पुढच्या अंकात तो खालचा भाग घेऊ: एकच प्रकल्प चार ओळींत कसा सांगायचा. कोणाला आपला नमुना पाठवायचा असेल तर मंडळाच्या नेहमीच्या पत्त्यावर पाठवा, फक्त त्यातून फोन नंबर आणि कंपनीचं नाव आधी काढा.